आस्थगित कर

नफातोटा पत्रकाच्या तळाशी येणारी ही रक्कम सरकारी खजिन्यात भरलेली नसते, हे वाचकाने आधी ध्यानी घ्यावे. समजा, एका कारखान्याने वर्षारंभी १० लाखांचे यंत्र घेऊन जमाखर्चात त्याचा घसारा दरसाल समान, म्हणजे १ लाख, धरला. परंतु आयकराचा कायदा घटत्या किमतीवर १५ टक्के घसारा मान्य करीत असल्याने करपात्र उत्पन्नातून पहिल्या साली दीड लाख वजा झाले. घसाऱ्यापूर्वीचा नफा ५ लाख असेल, तर हिशेबी नफा ४ लाख व करपात्र नफा साडेतीन लाख ठरतो, आणि अधिभार वगळून ३० टक्के दराने १,०५,००० रुपयेच भरावे लागतात. हिशेबी नफ्यावरील कर मात्र १,२०,००० होतो. मधल्या १५,००० रुपयांना कायद्याने केवळ मुदत दिलेली असते. कारण चौथ्या साली कायद्याचा घसारा ९२,११९ वर उतरून पुस्तकी घसाऱ्याहून कमी पडतो, आणि तेथून राहिलेल्या कराची वसुली सुरू होते. म्हणून ताळेबंदात तो देणे म्हणून दाखवितात. न दाखविल्यास पहिल्या सालचा नफा फुगलेला दिसून भागधारकांची दिशाभूल होते, आणि हा दोष मी क्षुल्लक मानीत नाही. दंडासारखा जो खर्च कायदा कधीच मान्य करीत नाही, त्याचा फरक पुढेही मिटत नसल्याने त्यापोटी अशी तरतूद करीत नाहीत. — संपादक