यंत्रखरेदीवरील वस्तू व सेवा कर आणि सुरुवातीची गुंतवणूक

व्यवसायासाठी यंत्र विकत घेताना बिलात जो वस्तू व सेवा कर (जीएसटी) लागतो, तो नोंदणीकृत व्यावसायिकाला इनपुट टॅक्स क्रेडिटच्या रूपाने परत मिळू शकतो. तसा तो मिळत असेल, तर तो यंत्राच्या किमतीत धरत नाहीत. मात्र बिल चुकवताना ती रक्कम हातची जातेच. म्हणून यंत्राची किंमत किती आणि पहिल्या दिवशी पैसे किती लागतील, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लहान कारखानदाराची ओढाताण बहुधा या दोहोंच्या मधल्या रकमेने होते.

भारतात ही पद्धत १ जुलै २०१७ पासून लागू झाली. त्याआधी सेनव्हॅटच्या नियमांत भांडवली वस्तूवरील उत्पादन शुल्काचे सर्वसाधारणपणे निम्मेच क्रेडिट पहिल्या वर्षी घेता येई. आता पूर्ण क्रेडिट एकाच वेळी खात्यात जमा होते. पण जमा होणे म्हणजे रोख मिळणे नव्हे. ते फक्त पुढच्या विक्रीवरील करातून वळते करता येते, आणि वळते किती वेगाने होईल हे त्या कारखान्याच्या उलाढालीवर ठरते.

उदाहरणादाखल एक मशीन शॉप घेऊ. त्याने ४० लाख रुपयांचे सीएनसी लेथ घेतले. १८ टक्के दराने कर ७.२० लाख, म्हणजे बिल ४७.२० लाखांचे. दरमहा विक्री १० लाखांची, तीवर कर १.८० लाख. कच्चा माल ६ लाखांचा, त्यावरील क्रेडिट १.०८ लाख. यंत्र नसते तर दरमहा ७२ हजार रुपये कर रोखीने भरावा लागला असता. आता तो यंत्राच्या क्रेडिटमधून जातो. अशा रीतीने ७.२० लाख सुटायला दहा महिने लागतात. दरमहा ७२ हजारांनी उतरत जाणाऱ्या या रकमेवर १२ टक्के वार्षिक दराने व्याज काढले, तर ते ३९,६०० रुपये होते. कराचा खरा बोजा एवढाच: ७.२० लाख नव्हे आणि शून्यही नव्हे. प्रकल्प अहवालात यंत्राची किंमत ४० लाखच दाखवावी, पण निधीच्या गरजेत ४७.२० लाख धरून ७.२० लाख दहा महिन्यांत परत येताना दाखवावेत. हे दहा महिने विसरले की मुदत कर्ज मंजूर होऊनही पुरवठादाराला द्यायला पैसे कमी पडतात.

नव्याने सुरू होणाऱ्या कारखान्याची अडचण याहून मोठी असते. विक्रीच नसल्याने क्रेडिट पडून राहते. निर्यातदाराला किंवा ज्याच्या कच्च्या मालावरील दर तयार मालापेक्षा जास्त आहे अशाला साचलेल्या क्रेडिटचा रोख परतावा मागता येतो, पण त्या परताव्याच्या हिशेबात भांडवली वस्तूंवरील कर धरला जात नाही. ही अट अनेकांना यंत्र घेतल्यावर कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

क्रेडिट पदरात पडण्यासाठी यंत्र प्रत्यक्ष मिळालेले असावे लागते. सुटे भाग हप्त्याहप्त्याने आले, तर शेवटचा हप्ता पोचल्यावरच हक्क निर्माण होतो. पुरवठादाराने बिल आपल्या विवरणात दाखवलेले हवे. ते दाखवले की नाही, हे खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी या तक्त्यात दिसते. तेथे बिल नसेल, तर हिशेबातले दहा महिने सुरूच होत नाहीत. म्हणून मोठ्या यंत्राच्या बाबतीत हा तक्ता पाहून मगच शेवटची रक्कम सोडणे शहाणपणाचे. मात्र बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे चुकते केले नाहीत, तर घेतलेले क्रेडिट उलटवावे लागते.

आणखी एक चूक हिशेबनीस करतात: यंत्र ४७.२० लाखांना भांडवली खात्यात चढवून त्या पूर्ण रकमेवर प्राप्तिकरासाठी घसारा घेतात. कराच्या रकमेवर घसारा घेतला, की तिचे क्रेडिट कायद्याने मिळत नाही. घसारा ४० लाखांवरच घ्यावा.

क्रेडिट मुळातच नसेल, तर कर किमतीतच जातो. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला किंवा करमुक्त उपचारसेवा देणाऱ्या रुग्णालयाला हेच यंत्र ४७.२० लाखांचेच पडते, आणि घसाराही त्या रकमेवर निघतो. करपात्र व करमुक्त दोन्ही कामे करणाऱ्याचे सामाईक यंत्रावरील क्रेडिट ६० महिन्यांवर विभागून, करमुक्त उलाढालीच्या प्रमाणात दरमहा कमी केले जाते.

यंत्र लवकर विकले, तरी हा कर पुन्हा समोर येतो. वरील लेथ दोन वर्षांनी २० लाखांना विकले असे समजा. तोवर क्रेडिटचा ४० टक्के भाग मुरलेला असतो, उरलेले ४.३२ लाख. विक्रीवरचा कर ३.६० लाख. या दोहोंत जी रक्कम जास्त ती भरावी लागते, म्हणजे ४.३२ लाख. ग्राहकाकडून ३.६० लाखच वसूल केले असतील, तर ७२ हजारांची पदरमोड होते.