‘का मारलं?’ याचं उत्तर नसलेला खटला : रामन राघव आणि हेतूची जागा

समजा तुम्ही वर्ध्याच्या सत्र न्यायालयातला खुनाचा एखादा जुना निकाल वाचायला घेतलात. जिल्हा १८६२ पासूनचा आहे. इथली अपिलं आधी नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरकडे जात, १९३६ पासून नागपूर हायकोर्टाकडे आणि १९५६ नंतर मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाकडे. म्हणजे कागद तीन वेगवेगळ्या घरांत विखुरलेले. पण कागद कुठलाही असो, नवा संशोधक त्यात पहिल्यांदा एकच गोष्ट शोधतो : का मारलं? आणि बरेचदा त्याला दिसतं असं की न्यायाधीश लिहितात, ‘फिर्यादी पक्षाला हेतू सिद्ध करता आलेला नाही’, आणि पुढच्याच परिच्छेदात आरोपीला दोषी धरतात. इथे विद्यार्थी अडखळतो. कारणच सापडलं नाही तर शिक्षा कशी?

गोंधळाचं एक मूळ आपल्या भाषेत आहे. बोलताना आपण ‘हेतू’ हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरतो. एक म्हणजे मोटिव्ह, माणसाला कृत्याकडे ढकलणारं कारण : जमीन, पैसा, सूड, संशय. दुसरी म्हणजे इंटेन्शन, कृत्य करताना त्याला काय घडवायचं होतं ते. डोक्यात कुऱ्हाड घालणाऱ्याला जीव घ्यायचा होता, हे त्या घावावरून कळतं. तो का घ्यायचा होता, हे घावावरून कळत नाही. भारतीय दंड संहितेचं कलम ३०० काढून वाचा. खुनाच्या व्याख्येत उद्देश आहे, जाणीव आहे, मोटिव्ह कुठेच नाही. म्हणजे खून सिद्ध करताना मोटिव्ह हा त्याचा घटकच नाही. या लेखात यापुढे ‘हेतू’ म्हणजे फक्त मोटिव्ह.

मग कायद्यात हेतू येतो कुठे? १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात, कलम ८ मध्ये. हा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी घडवला. कलमाखाली त्यांनी दिलेलं पहिलं उदाहरण असं : ‘अ’वर ‘ब’च्या खुनाचा खटला आहे. ‘अ’ने पूर्वी ‘क’चा खून केला होता, हे ‘ब’ला ठाऊक होतं आणि ते उघड करण्याची धमकी देऊन तो ‘अ’कडून पैसे उकळू पाहत होता. या गोष्टी कोर्टात सांगता येतात. लक्षात घ्या, ‘सांगता येतात’. सांगायलाच हव्यात असं कलम म्हणत नाही. हेतू हा पुराव्याचा एक प्रकार आहे. तो मिळाला तर आरोपाला बळ येतं, नाही मिळाला तर उरलेला पुरावा स्वतःच्या पायावर उभा राहतो का, ते पाहायचं.

हे कोरडं वाटत असेल तर ज्या खटल्यात हेतू खरोखरच सापडत नव्हता, तो घेऊ. १९६८ चा मुंबईतला रामन राघव. त्याला सिंधी दलवाई असंही म्हणत. नावं त्याची अनेक होती. १९६८ मध्ये मुंबईच्या उत्तरेकडच्या उपनगरांत फूटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांवर रात्री हल्ले होऊ लागले. जड, बोथट हत्यार, डोक्यावर घाव. त्याआधी दोन-तीन वर्षं पूर्व उपनगरांत, रेल्वेमार्गाच्या कडेच्या वस्त्यांत असेच हल्ले झाले होते. तेव्हा हा माणूस त्या भागात रेंगाळताना पोलिसांच्या हाती लागलाही होता, पण त्याला गुन्ह्यांशी जोडणारं काही हाती नसल्याने सुटला.

इथे एक गोष्ट नीट पाहा. हेतू नसण्याचा सगळ्यात मोठा फटका कोर्टात बसत नाही, तपासात बसतो. खेड्यात खून झाला की पोलीस आधी बांधाचा वाद, भाऊबंदकी, उधारी विचारतात आणि संशयितांची यादी आपोआप तयार होते. मुंबईत मेलेल्या माणसांचा एकमेकांशी संबंध नव्हता आणि मारणाऱ्याशी तर नव्हताच. यादी करणार कशी? रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे तपास आला तो अशा स्थितीत. ऑगस्ट १९६८ च्या अखेरीस सबइन्स्पेक्टर अ‍ॅलेक्स फियालो यांनी वर्णनावरून त्याला ओळखून पकडलं. अंगावरच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते. बोटांचे ठसे पोलिसांच्या जुन्या नोंदीशी जुळले आणि हा तोच माणूस हे नक्की झालं. आधी तो काही बोलेना. नंतर मात्र त्याने कबुली दिली आणि ती मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवली गेली. हे ‘मॅजिस्ट्रेटसमोर’ महत्त्वाचं आहे, कारण पोलिसांसमोरची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही.

आता १९६९ च्या सत्र खटल्याकडे या. ‘यानेच मारलं का’ या प्रश्नाचं उत्तर अशा पुराव्यातून मिळत होतं आणि त्यात ‘का’ची गरज पडली नाही. बचाव पक्षानेही खरी लढाई तिथे दिलीच नाही. त्यांनी दिली ती दुसऱ्या प्रश्नावर : मारताना याचं मन ठिकाणावर होतं का? कलम ८४ सांगतं की वेडाच्या भरात ज्याला आपल्या कृत्याचं स्वरूप कळत नव्हतं, किंवा ते चूक अथवा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हतं, त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही. पोलीस सर्जनने काही दिवस निरीक्षण करून सांगितलं की आरोपी वेडा नाही. बचाव पक्षाच्या मानसोपचारतज्ज्ञाचं मत वेगळं होतं : याला फार जुना पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया आहे, आपण माणसं मारतोय हे त्याला कळत होतं, पण ते चूक किंवा बेकायदा आहे हे कळत नव्हतं. म्हणजे तज्ज्ञाने ८४ च्या पहिल्या भागावर पाणी सोडलं आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं. कोर्टाने ते मानलं नाही. फाशी झाली आणि आरोपीने अपील करायला नकार दिला.

माझ्या मते या खटल्यातली शिकण्यासारखी जागा हीच. बाहेरच्या माणसाला वाटतं, कारण नसताना इतकी माणसं मारली म्हणजे तो वेडाच असणार. कायदा ही उडी मारू देत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात बायको आणि मुलीला मारलेल्या माणसाच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात जवळपास असाच युक्तिवाद आला. हेतू सिद्ध झाला नाही, दार फोडलं गेलं तेव्हा तो पळालाही नाही, म्हणजे तो भ्रमिष्ट होता. न्यायालयाने सांगितलं की केवळ एवढ्यावरून वेड सिद्ध होत नाही. वेड सिद्ध करायचं तर घटनेच्या आधीची, वेळची आणि नंतरची वागणूक, उपचाराचे कागद, डॉक्टर यांतून करायचं, आणि ते दाखवण्याची जबाबदारी बचावावर. तेव्हा हेतूचा अभाव दोन्ही बाजूंनी अपुरा पडतो. ‘याने केलं नाही’ हे त्यातून निघत नाही आणि ‘याला कळत नव्हतं’ हेही निघत नाही.

राघवचं पुढे काय झालं? फाशीच्या शिक्षेला हायकोर्टाची मान्यता लागते, आरोपीने अपील केलं नाही तरी. तिथे हायकोर्टाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला लावलं. त्यांनी त्याच्याशी पाच वेळा बसून बोलणं केलं. त्याच्या बोलण्यात दोन वेगळी जगं होती, एक ‘कानून’चं आणि एक हे आपलं; सरकार आपल्याकडून कामं करवून घेतं आणि लोक आपल्याला बाईत बदलू पाहतात, असं तो ठामपणे सांगत होता. आपल्या कुठल्याच हिशेबात न बसणारं, पण त्याच्यापुरतं हे ‘कारण’ होतंच. मंडळाचं निदान स्किझोफ्रेनियाचंच आलं. अखेर १९८७ मध्ये हायकोर्टाने फाशीची जन्मठेप केली, आजार बरा न होणारा आहे म्हणून. नोट्स काढताना इथे विद्यार्थी हमखास घसरतात. दोषसिद्धी उठली नाही. ८४ लागू झालं असतं तर तो निर्दोष ठरला असता. इथे आजाराने फक्त शिक्षा बदलली. तो येरवड्याच्या तुरुंगात राहिला आणि १९९५ मध्ये ससूनमध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने वारला.

तर मग हेतू नसणं कधीच महत्त्वाचं नसतं का? असतं. प्रत्यक्ष पाहणारा विश्वासार्ह साक्षीदार असेल तर हेतूवाचून फारसं अडत नाही. पण कोणी पाहिलेलं नाही, सगळा खटला परिस्थितीजन्य पुराव्याच्या साखळीवर उभा आहे, तेव्हा हेतू ही त्या साखळीतली एक कडी असते. ती नसेल तर न्यायालय उरलेल्या कड्या जास्त जोराने ओढून पाहतं, आणि तिथे आरोपीला फायदा मिळू शकतो. कडी नाही एवढ्याने साखळी तुटली असं मात्र नाही.

उलट बाजू पाहायची तर पुण्याचे डॉ. अनंत चिंतामण लागू यांचा खटला वाचा. एका श्रीमंत विधवेला १९५६ मध्ये रात्रीच्या गाडीने मुंबईला नेलं, बेशुद्धावस्थेत खोट्या नावाने हॉस्पिटलात भरती केलं, ती वारली, आणि नंतर तिची मालमत्ता डॉक्टरांनी बळकावली. हेतू डोळ्यांत भरणारा; पण शवविच्छेदनात आणि रासायनिक तपासणीत विष सापडलं नाही. सर्वोच्च न्यायालयात दोनास एक असा निकाल लागला आणि फाशी कायम राहिली. बहुमताचा निकाल लिहिला न्या. हिदायतुल्ला यांनी, जे त्याआधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते, म्हणजे वर्ध्याची अपिलंही त्यांच्याच कोर्टात येत. त्यांनीही दोषसिद्धी लोभावर टेकवली नाही, मृत्यूच्या आधीच्या आणि नंतरच्या वागणुकीवर टेकवली. भिन्न मत देणाऱ्या न्या. सरकार यांचा आक्षेप असा की मुळात मृत्यू अनैसर्गिक होता हेच पक्कं झालेलं नाही. लोभ कितीही स्पष्ट असला तरी विष दिलं गेलं का, हे लोभ सांगू शकत नाही.

तुम्ही वर्ध्याची एखादी फाइल उघडाल तेव्हा ‘हेतू’चा परिच्छेद आधी वाचू नका. आधी पाहा, साक्षीदार पाहणारा आहे की फक्त परिस्थिती आहे. मग न्यायाधीशांनी हेतूचं वजन कुठे टाकलंय ते पाहा. हेतूची जागा रिकामी असेल तर रिकामीच नोंदवा. जातीवरून, जमिनीवरून, ‘बाईच्या भानगडी’वरून ती स्वतः भरण्याचा मोह फार होतो, आणि फिर्यादीत तसे इशारे असतातही. पण फिर्याद हा एका बाजूचा कागद आहे; ज्या इशाऱ्यावर न्यायाधीशांनी विसंबायचं टाळलं, तो आपल्या प्रबंधात कारण म्हणून आला की मेलेल्या माणसांवर आपण न झालेला निकाल देतो. १ जुलै २०२४ नंतरच्या फाइली पाहणार असाल तर आकडे बदललेत : पुराव्याच्या कायद्यातलं कलम ८ आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६ आहे आणि दंड संहितेतलं ८४ हे भारतीय न्याय संहितेत २२.