नावातून गळालेली प्रसाविका

गावात तिला ‘नर्सबाई’ म्हणतात. सरकारी कागदांत मात्र तिची नावे बदलत गेली, आणि ग्रामीण आरोग्यसेवेचा इतिहास मला त्या नावांतच सर्वांत स्पष्ट दिसतो.

१९४६ च्या भोर समितीने गावापर्यंत पोहोचणाऱ्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडला. प्रशिक्षित परिचारिका मात्र फार थोड्या होत्या. म्हणून १९५० च्या दशकात दोन वर्षांचे शिक्षण देऊन एक नवी कर्मचारी तयार होऊ लागली : सहायक परिचारिका प्रसाविका. तिचे मुख्य काम बाळंतपण आणि माता-बालकांची देखभाल हे होते.

१९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने वेगळा विचार मांडला. मलेरिया, देवी, कुटुंबनियोजन यांचे कर्मचारी एकाच घरी वेगवेगळे जात. त्याऐवजी एक स्त्री आणि एक पुरुष असे बहुउद्देशीय कर्मचारी असावेत. विचार चुकीचा नव्हता. पण प्रसाविका ‘आरोग्यसेविका’ झाली आणि १९७७ पासून तिचे शिक्षण दोन वर्षांवरून दीड वर्षावर आले.

पुढे सपाटीवर पाच हजार आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष ठरला. हिशेब करून पाहा. पाच हजार लोक म्हणजे सुमारे हजार घरे. रोज पंचवीस घरे धरली, तरी एक फेरी पूर्ण व्हायला कामाचे चाळीस दिवस लागतात. त्यातून लसीकरण, बैठका आणि नोंदवह्यांचे दिवस वजा करायचे. त्या काळी जन्मदर हजारी तीसच्या वर होता, म्हणजे वर्षाला दीडशेहून अधिक बाळंतपणे. कळा सुरू होतात रात्री-अपरात्री, आणि नर्सबाई असते तीन-चार गावांपलीकडे. साहजिकच बोलावणे सुईणीलाच जाई.

शिवाय वरिष्ठ विचारत ते नसबंदीचे आकडे. ही लक्ष्ये १९९६ मध्ये अधिकृतपणे रद्द झाली, पण तोवर एक पिढी आकड्यांखाली राबली होती. बाळंतपणाचे कौशल्य हाताला असते. वर्षाकाठी मोजकीच बाळंतपणे वाट्याला आली तर ते हातातून जाते. प्रसूतीनंतरचा जोराचा रक्तस्राव दोन तासांतही जीव घेऊ शकतो. तेव्हा शेजारी सराव असलेला हात हवा. भरलेली नोंदवही तिथे कामाची नसते.

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. बाळंतपणे दवाखान्यात हलवण्यावर तिचा भर होता, आणि गावातून बाईला सोबत नेण्याचे काम आशाकडे आले. दवाखाना जवळ आणि सज्ज असेल तिथे हे हिताचेच आहे. पण पावसाळ्यात वाट तुटणाऱ्या पाड्यावर गाडी वेळेत पोहोचत नाही. तिथे लागते ती प्रसाविकाच, आणि तिचा सराव आपण पन्नास वर्षांत थोडाथोडा करून मोडत आणला.

उपकेंद्रे किती बांधली, हे अहवालांत सापडते. त्यांतल्या नर्सबाईने वर्षभरात किती बाळंतपणे स्वतःच्या हातांनी केली, हा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो.