दोन स्ट्राइकची जोडी

व्हर्टिकल स्प्रेड अगदी थोडक्यात सांगता येतो. एक कॉल विकत घ्यायचा आणि त्याच दिवशी संपणारा, पण वरच्या स्ट्राइकचा दुसरा कॉल विकायचा. विकलेल्या कॉलचे पैसे हाती येतात, म्हणून खर्च कमी होतो. वरच्या स्ट्राइकनंतरचा नफा मात्र सोडून द्यावा लागतो. इतकी सरळ युक्ती शेकडो वर्षांपूर्वीच रुळली असेल असे वाटते. ऑप्शनचा धंदा खरोखरच तेवढा जुना आहे, पण ही जोडी सामान्य गुंतवणूकदाराच्या हाती आली ती 1973 नंतर. तिच्या जन्माचे श्रेय एखाद्या हुशार सटोडियाला देता येत नाही. करारांची ठरीव मापे आणि मध्यस्थ क्लिअरिंग संस्था या दोन रुक्ष वाटणाऱ्या व्यवस्थांनी तिला जन्म दिला.

त्याआधी न्यूयॉर्कमध्ये ऑप्शन मिळत ते ठरावीक दलालांच्या पेढ्यांवर. ज्या दिवशी सौदा होई त्या दिवशीचा शेअरचा बाजारभाव हीच बहुधा स्ट्राइक. मुदत तीस, साठ, नव्वद दिवसांची, किंवा करसवलतीच्या हिशेबाने सहा महिने दहा दिवसांची, आणि तीही सौद्याच्या दिवसापासून मोजलेली. आज घेतलेला कॉल आणि पुढच्या आठवड्यात विकलेला कॉल यांची स्ट्राइक वेगळी आणि मुदतही वेगळी. अशा दोन करारांची जोडी जुळणार कशी?

समजा जुळली, तरी दुसरी अडचण उरत होती. कॉल घेतला तो एका विक्रेत्याकडून आणि विकला तो भलत्याच गिऱ्हाइकाला. पहिल्याने हात वर केले तर दुसऱ्याचे देणे अंगावर राहणारच. म्हणून तर प्रत्येक करारावर शेअरबाजाराच्या सदस्य पेढीची हमी घ्यावी लागे. ज्या जोखमीला मर्यादा घालायची तीच दोन परक्या माणसांच्या सचोटीवर टांगलेली होती.

मुंबईतही ऑप्शनचा व्यवहार जुना. कापसाच्या बाजारात कॉलला तेजी, पुटला मंदी आणि प्रीमियमला नजराणा म्हणत. 1939 साली मुंबई प्रांताने कायदा करून कापसातले हे सौदे बंद केले. शेअरांवरचे ऑप्शन 1956 च्या कायद्याने बंद झाले आणि ती बंदी 1995 पर्यंत टिकली. त्यामुळे पुढची कथा शिकागोत घडली.

26 एप्रिल 1973 रोजी शिकागो बोर्ड ऑप्शन्स एक्स्चेंज सुरू झाले, तेही धान्यबाजाराच्या सदस्यांच्या जुन्या धूम्रपानकक्षात. पहिल्या दिवशी सोळा कंपन्यांचे फक्त कॉल होते आणि 911 करार झाले. नवेपण मापात होते. स्ट्राइक ठरावीक अंतरांवर आणि एक्स्पायरीचे महिनेही ठरलेले. शेअर वर किंवा खाली सरकला की त्याच महिन्यासाठी नवी स्ट्राइक उघडत. म्हणजे भाव हलेल तशी एकाच एक्स्पायरीची शिडी पायरीपायरीने वाढत जाई. दरपत्रकात महिने आडवे आणि स्ट्राइक एकाखाली एक छापत. उभ्या रांगेतले दोन करार घेतले की तो व्हर्टिकल.

त्याच वेळी क्लिअरिंग संस्था प्रत्येक सौद्याच्या मधे उभी राहिली. प्रत्येक खरेदीदारासाठी ती विक्रेता झाली आणि प्रत्येक विक्रेत्यासाठी खरेदीदार. 50 चा घेतलेला कॉल आणि 60 चा विकलेला कॉल आता एकाच संस्थेशी केलेले करार होते. एकाचे देणे दुसऱ्याच्या येण्याने झाकले जाते हे तिला दिसत होते, म्हणून विकलेल्या कॉलसाठी पूर्ण मार्जिन मागायचे कारण उरले नाही. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. पुट मात्र 1977 पर्यंत आले नाहीत. तोवर मंदीचा अंदाज असलेल्याला अशी जोडी लावायची तर खालचा कॉल विकून वरचा विकत घ्यायचा, एवढाच मार्ग होता.

आपल्याकडे निफ्टीचे ऑप्शन जून 2001 मध्ये आले. तिथले एक कल्पित, पण बाजाराला धरून असलेले उदाहरण घेऊ. निफ्टी 24,000 वर आहे आणि एक्स्पायरीला बारा दिवस आहेत. 24,000 चा कॉल 240 ला मिळतो, 24,300 चा 115 ला विकला जातो. निव्वळ खर्च 125. लॉट 65 चा धरला तर 8,125 रुपये, आणि दलाली व कर सोडले तर यापेक्षा जास्त बुडू शकत नाहीत. निफ्टी 24,300 वर किंवा त्याच्याही वर संपला तर जोडीचे मोल 300 होते. नफा 175 अंकांचा, म्हणजे 11,375 रुपये. ना नफा ना तोटा 24,125 वर.

नुसता कॉल घेतला असता तर 15,600 रुपये गुंतले असते आणि 24,240 पार झाल्याशिवाय एक पैसा सुटला नसता. मग नुसता कॉल सरस केव्हा ठरतो? एक्स्पायरीला निफ्टी 24,415 च्या वर असेल तेव्हाच. विकलेल्या स्ट्राइकमध्ये तिचा प्रीमियम मिळवला की हा आकडा निघतो. तिथपर्यंत भाव जाईल असे ज्याला मनापासून वाटत नाही, त्याने स्प्रेडच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण घाई असलेल्याची इथे निराशा होते. दुसऱ्याच दिवशी निफ्टी 24,300 ला भिडला तरी जोडीचे मोल 300 होत नाही. ते साधारण 180 च्या आसपास असते. विकलेल्या कॉलमध्ये अजून अकरा दिवसांचे कालमूल्य शिल्लक असते आणि ते आपल्या विरुद्ध असते. अंदाज बरोबर निघूनही नफा हळूहळूच पिकतो.

भारतात मार्जिनची खरी सवलत जून 2020 पासून मिळू लागली. त्यानंतर जोडी लावणाऱ्याला उघड्या विक्रीच्या तुलनेत मार्जिनचा लहानसा भागच पुरतो. मात्र क्रम पाळावा लागतो. आधी खरेदी, मग विक्री. बाहेर पडताना आधी विकलेला कॉल परत घ्यायचा. उलट केले तर मधल्या क्षणात पूर्ण मार्जिन मागितले जाते आणि तोवर विकलेला कॉल उघडा पडतो.

मर्यादित जोखमीचे हे वचन कुठे मोडते तेही ठाऊक हवे. निफ्टीचा हिशेब रोखीने होतो. शेअरच्या ऑप्शनमध्ये मात्र ऑक्टोबर 2019 पासून सगळीकडे प्रत्यक्ष शेअरची देवघेव होते. समजा 1,000 चा कॉल घेतला, 1,040 चा विकला आणि शेअर 1,020 वर संपला. विकलेला कॉल निरर्थक झाला, पण घेतलेला वठला. पाचशेचा लॉट असेल तर पाच लाख रुपये भरून शेअर उचलावे लागतात, आणि दुसऱ्या दिवशी ते किती खाली उघडतील याला कोणतीही मर्यादा नाही. शेअर 1,040 च्या वर संपला असता तर दोन्ही देवघेवी परस्परांत वळत्या झाल्या असत्या. धोका आहे तो दोन स्ट्राइकच्या मधल्या पट्ट्यात. त्याची चाहूल आधी लागते: एक्स्पायरीच्या चार दिवस आधीपासून घेतलेल्या कॉलवर डिलिव्हरी मार्जिन चढू लागते. ते खात्यात दिसले आणि शेअर त्या पट्ट्यात असला, की दोन्ही पाय एकदम बंद करून बाहेर पडावे.