जुनी दुचाकी घेताय? कागदांचे तीन गठ्ठे करा

समजा, पुसदच्या भाईंनी दारव्ह्यातून एमएच २९ पासिंगची जुनी दुचाकी घेतली. गाडीवरचं कर्ज फिटलंय, असं मालक सांगतो. अशा वेळी पैसे देण्याआधी कागद तीन भागांत लावून बघा, असं आम्ही सुचवतो.

मूळ कागद: आरसी, चालू विमा, पीयूसी आणि बँकेची एनओसी. आरसीवर बँकेचं नाव दिसत असेल, तर हप्ते संपले तरी आरटीओच्या नोंदीत बोजा कायम असतो. ‘एमपरिवहन’ अ‍ॅपवरही हे बघून घ्या.

झेरॉक्स: दोघांचं आधार व पॅन आणि घेणाऱ्याच्या पत्त्याचा पुरावा. त्यावर ज्याची त्याने सही करावी.

सहीचे फॉर्म: फॉर्म २९ च्या दोन प्रती, त्यावर विकणाऱ्याची सही. फॉर्म ३० वर दोघांची. बोजा उतरवायला फॉर्म ३५ च्या दोन प्रती, त्यावर मालकाची सही आणि बँकेचा सही-शिक्का. मूळ मालकाचा इंतकाल झाला असेल, तर वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ लागतो.

कोरे फॉर्म सही करून देऊ नका, घेऊही नका. घेणाऱ्याचं नाव आणि विक्रीची तारीख समोरच भरा. घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओत अर्ज करावा, विमा १४ दिवसांत नावावर करायला द्यावा. नाव बदललं नाही आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच येते, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. म्हणून विकणाऱ्यानेही फॉर्मची झेरॉक्स जपून ठेवावी.