सेंट पॉलच्या घुमटावरून पडलेले गोळे

जून १७१०, लंडन. सेंट पॉल कॅथेड्रलचं बांधकाम नुकतंच पूर्ण होत आलं होतं. त्याच्या उंचावर एक लाकडी फळी बसवली होती. एका बाजूला बिजागऱ्या, दुसऱ्या बाजूला आधाराला खुंटी. फळीवर काचेचे दोन गोळे: एकात पारा भरलेला, दुसऱ्यात नुसती हवा. खुंटीला बांधलेली लोखंडी तार थेट जमिनीपर्यंत आली होती. खालून तार ओढली की खुंटी निघायची, फळी खाली लोंबकळायची आणि दोन्ही गोळे एकदम सुटायचे. त्याच ओढीने सेकंदा-सेकंदाला झुलणारा एक लंबकही चालू व्हायचा. उंची २२० फूट.

हा प्रयोग फ्रान्सिस हॉक्सबीने केला, पण त्याचे आकडे हवे होते आयझॅक न्यूटनला. न्यूटन तेव्हा सदुसष्ट वर्षांचा, रॉयल सोसायटीचा अध्यक्ष. ‘प्रिन्सिपिया’ची दुसरी आवृत्ती तयार होत होती, ती १७१३ मध्ये निघाली. प्रश्न गोळ्यांचा वाटतो, पण होता आकाशाचा. देकार्तच्या अनुयायांचं म्हणणं होतं की अवकाश एका सूक्ष्म द्रव्याने ठासून भरलंय आणि त्याच्या भोवऱ्यांत ग्रह फिरतात. न्यूटनचं उत्तर असं की द्रव्य म्हटलं की त्याला जडत्व आलं, आणि त्यातून जाणाऱ्या वस्तूला ते बाजूला ढकलावं लागणारच. मग ग्रह केव्हाच मंदावले असते. हे म्हणायचं तर आधी साध्या हवेचा रोध नेमका किती, हे मोजून दाखवायला हवं.

त्याचा हिशेब असा. गोळा दुप्पट वेगाने गेला तर एका सेकंदात दुप्पट हवा वाटेत येते, आणि त्या प्रत्येक कणाला दुप्पट वेगाने ढकलावं लागतं. म्हणजे रोध चौपट. रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. आजच्या चिन्हांत:

```
m dv/dt = mg − k v²
```

वेग वाढेल तसा दुसरा भाग मोठा होत जातो. एका वेगाला तो वजनाइतका होतो आणि त्वरण संपतं. हा अंतिम वेग. त्याला `V` म्हणू, `V² = mg/k`. आता समीकरण नीटस दिसतं:

```
dv/dt = g (1 − v²/V²)
```

इंटिग्रेशन करायचं तर वेगाची सगळी पदं एका बाजूला आणि काळ दुसऱ्या बाजूला नेऊ. डावीकडच्या छेदाचे `(1 − v/V)` आणि `(1 + v/V)` असे दोन अवयव पडतात. अपूर्णांक त्यांत फोडला की दोन लॉगरिदम मिळतात. गोळा स्थिर अवस्थेतून सुटला असेल तर:

```
(V/2) ln[(V + v)/(V − v)] = g t
v = V tanh(g t / V)
```

बारावीच्या पुस्तकात ‘हवेचा रोध दुर्लक्षित करा’ असं लिहून जे टाळलेलं असतं, ते एवढंच आहे. न्यूटनने मात्र हे असं लिहिलं नाही. ‘टॅनएच’ला तेव्हा नावच नव्हतं. दुसऱ्या पुस्तकाच्या नवव्या प्रमेयात तो आकृती काढतो आणि सांगतो की वर फेकलेल्या वस्तूचा काळ वर्तुळाच्या एका खंडाने मोजा आणि खाली पडणाऱ्या वस्तूचा अपास्ताच्या खंडाने. वर जाताना वजन आणि रोध एकाच दिशेने ओढतात, वजाऐवजी अधिक चिन्ह येतं आणि `tanh` च्या जागी साधा `tan`. भूमितीत गुंडाळलेलं असलं तरी उत्तर तेच.

आता एक गोळा घेऊ. हवेने भरलेला, वजन ५१० ग्रेन म्हणजे साधारण ३३ ग्रॅम, व्यास ५.१ इंच म्हणजे जवळपास १३ सेंटीमीटर. एवढ्या गोळ्याचा रोध-गुणांक आज ०.५ च्या आसपास धरतात. त्यावरून `V` येतो सेकंदाला सुमारे ९ मीटर. सूत्रात घाला: एका सेकंदानंतर वेग ७.२, दोन सेकंदांनी ८.८, तिसऱ्या सेकंदाला जवळजवळ पूर्ण ९. पुढचा सगळा प्रवास एकाच वेगाने. हवा नसती तर आठव्या सेकंदाला तो ऐंशीच्या घरात असता. अर्थात त्याच्या कितीतरी आधी फुटलाही असता.

लंबकाने या गोळ्याची वेळ दाखवली साडेआठ सेकंद. पण इथे एक गोम होती, आणि ती पाऱ्याच्या गोळ्यांनी उघड केली. २२० फूट पडायला गॅलिलिओच्या नियमाने ३.७ सेकंद लागायला हवेत. पाऱ्याचे जड गोळे घेत होते चार. न्यूटनने दोष फळीला दिला: खुंटी निघाल्यावर ती पुरेशी झटकन फिरत नव्हती, आणि गोळे तिच्यावर क्षणभर रेंगाळत होते. म्हणून ०.३ सेकंद वजा. मला वाटतं, त्याने फळीवर थोडा जास्तच ठपका ठेवला. वरच्याच सूत्राने पाऱ्याच्या गोळ्याला ३.७७ सेकंद लागतात, म्हणजे त्यातला थोडा उशीर हवेचाच होता.

उरले ८.२ सेकंद. वेगाचं पुन्हा इंटिग्रेशन केलं की अंतर मिळतं:

```
x = (V²/g) ln cosh(g t / V)
```

८.२ सेकंदांत सुमारे ६८.५ मीटर, म्हणजे २२५ फूट. न्यूटनच्या स्वतःच्या हिशेबात २२६ फूट ११ इंच. प्रत्यक्ष उंची २२०. सहाही गोळ्यांत त्याचा सिद्धांत चार ते अकरा फुटांनी पुढेच गेला, म्हणजे खरा रोध किंचित जास्त होता. तरी अठराव्या शतकातल्या घुमटावरून, तार ओढून केलेल्या मोजमापाला हे वाईट नाही.

पण वर्गच कशावरून? रोध नुसत्या वेगाच्या प्रमाणात का नसेल? याचा पुरावा १७१९ च्या जुलैमध्ये मिळाला. जॉन डेझागुलिए याने डुकराची मूत्राशयं ओली करून, पोकळ लाकडी गोलात फुगवून वाळवली. त्यांचे हलके गोळे झाले. ते त्याने त्याच चर्चच्या घुमटावरच्या मनोऱ्यातून, २७२ फुटांवरून सोडले. सोबत शिशाचा गोळा, तो सव्वाचार सेकंदांत खाली. १२८ ग्रेनच्या मूत्राशयाला लागले सुमारे १९ सेकंद, तर जवळपास त्याच व्यासाच्या साडेसत्त्याण्णव ग्रेनच्या मूत्राशयाला सुमारे २२.

या दोन आकड्यांकडे जरा थांबून बघा. दोघांचाही बहुतेक प्रवास अंतिम वेगानेच झाला. वजनांचं गुणोत्तर १.३१. रोध साध्या वेगाच्या प्रमाणात असता तर अंतिम वेग वजनाच्याच प्रमाणात बदलला असता, आणि हलक्या मूत्राशयाला १९ गुणिले १.३१, म्हणजे २५ सेकंद लागले असते. रोध वर्गाच्या प्रमाणात असेल तर गुणोत्तराचं वर्गमूळ घ्यायचं, १.१५. उत्तर येतं २२.

सगळी मूत्राशयं इतकी शहाण्यासारखी पडली नाहीत. काही वाटेत डुलत, हेलकावे खात आली. पाचव्याला सुरकुत्या होत्या, त्यामुळे ते थोडं रखडलं, असं न्यूटनने १७२६ च्या तिसऱ्या आवृत्तीत नोंदवलं आहे. आणि हा वर्गाचा नियम सगळीकडे चालतही नाही. धुक्याच्या बारीक थेंबाला हवा बाजूला ढकलण्यापेक्षा तिच्या चिकटपणाशी जास्त झगडावं लागतं. तिथे रोध साध्या वेगाच्याच प्रमाणात असतो, `tanh` लागू पडत नाही. तो हिशेब जॉर्ज स्टोक्सने एकोणिसाव्या शतकात मांडला.