गैरहजरांना कोणत्या रांगेत उभे करायचे?

वर्गातील पाच विद्यार्थ्यांचे गणिताचे गुण आपण संगणकावरील एका तक्त्यात भरले आहेत असे समजू. आशाला 82 गुण आहेत, बाळूला 67, चंदाला 0; दिनू आणि एकनाथ परीक्षेला गैरहजर होते. आता गुणांनुसार उतरत्या क्रमाने यादी लावायची आहे. पहिल्या तिघांची जागा उघड आहे. पण दिनू आणि एकनाथ यांना कोठे बसवायचे? चंदाच्या खाली म्हणावे, तर त्यांना शून्याहून कमी गुण मिळाले असा अर्थ होतो. आशाच्या वर बसवणे तर हास्यास्पदच. तरीही काही संगणकप्रणाली नेमके हेच करतात, आणि तेही नियमाला धरून करतात. हा नियम कसा घडला, हे पाहण्यासारखे आहे.

आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी 1970 साली माहिती साठवण्याची एक नवी रीत मांडली. सारी माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि गणितातील संबंधांच्या नियमांनी ती हाताळावी, ही त्यांची कल्पना. असे तक्ते धुंडाळण्यासाठी त्याच प्रयोगशाळेतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी 1974 मध्ये एक प्रश्नभाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने रूढ झाली.

तक्त्यातील एखादा चौकोन रिकामा असेल तर काय करायचे, याचा सविस्तर विचार कॉड यांनी 1979 च्या एका लेखात केला. रिकाम्या चौकोनात शून्य भरायचे नाही, तर `NULL` ही खूण ठेवायची. शून्य हे एक मूल्य आहे. `NULL` म्हणजे मूल्यच नाही. हा फरक किती खोल आहे ते आपल्या तक्त्यावरूनच दिसते. एसक्यूएल सरासरी काढताना `NULL` वगळते. म्हणून आपल्या वर्गाची सरासरी 149 भागिले 3, म्हणजे सुमारे 49.7 येते. गैरहजरांना शून्य दिले असते तर ती 29.8 झाली असती.

याच कल्पनेतून तीन उत्तरांचे तर्कशास्त्र आले. दिनूचे गुण चंदापेक्षा जास्त आहेत का? या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येत नाही. उत्तर ‘अज्ञात’ हेच. दिनूचे आणि एकनाथचे गुण सारखे आहेत का? तेही अज्ञात. इथवर सारे सुसंगत आहे. पण क्रम लावताना अडचण येते. यादीत प्रत्येकाला कोठेतरी उभे करावेच लागते. तिथे ‘अज्ञात’ म्हणून भागत नाही. म्हणून क्रम लावण्यापुरती एसक्यूएलने तडजोड केली. सारे `NULL` आपसांत समान मानायचे आणि त्यांचा एकच गट करायचा. मात्र हा गट सर्व मूल्यांच्या वर ठेवायचा की खाली?

1992 च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाने याचे उत्तर दिले नाही. सारे `NULL` एक तर सर्व मूल्यांपेक्षा मोठे मानावेत किंवा सर्वांपेक्षा लहान मानावेत. कोणते, ते प्रणाली बनवणाऱ्याने ठरवावे, एवढेच त्यात म्हटले होते. तोपर्यंत दोन्ही रीती रुजल्या होत्या. ओरॅकल आणि आयबीएमची डीबी2 यांत `NULL` मोठा, तर सायबेसमध्ये लहान. पुढे पोस्टग्रेसने मोठ्याची बाजू घेतली. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट यांनी लहानाची.

आता आपल्या वर्गातले पहिले दोन विद्यार्थी शोधू.

```
SELECT nav, gun FROM nikal
ORDER BY gun DESC
LIMIT 2;
```

मायएसक्यूएलमध्ये आशा आणि बाळू मिळतात. पोस्टग्रेसमध्ये मिळतात ते दिनू आणि एकनाथ! कोठेही चूक झाल्याची सूचना येत नाही. म्हणून मायएसक्यूएल बरी असे मात्र नाही. अधिक मदत हवी असलेले, म्हणजे सर्वांत कमी गुणांचे दोन विद्यार्थी हवेत म्हणून `DESC` काढून टाकले, की हीच गैरहजर जोडी तेथे पुढे येते आणि चंदा, जिला खरोखर मदत हवी आहे, ती यादीबाहेर राहते.

यावर एक उपाय पुष्कळ वर्षे वापरला गेला. आधी प्रत्येक ओळीला 0 किंवा 1 असा अंक द्यायचा: गुण असतील तर 0, नसतील तर 1. मग प्रथम या अंकाने आणि नंतर गुणांनी क्रम लावायचा.

```
SELECT nav, gun,
  CASE WHEN gun IS NULL THEN 1 ELSE 0 END AS rikame
FROM nikal
ORDER BY rikame, gun DESC;
```

`rikame` हा स्तंभ निकालात उगाच दिसतो, पण 1992 च्या प्रमाणात त्याला इलाज नव्हता. तेव्हा `ORDER BY` च्या पुढे निवडलेल्या स्तंभाचे नाव किंवा त्याचा क्रमांकच लिहिता येत असे. तेथे सूत्र लिहिण्याची मुभा 1999 च्या प्रमाणाने दिली. काही जण `NULL` च्या जागी -1 धरून क्रम लावतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होणाऱ्या परीक्षेत हीच युक्ती अंगाशी येते, कारण तेथे -1 हे खरेखुरे गुण असू शकतात.

सरळ मार्ग 2003 च्या प्रमाणात आला. हवी ती जागा शब्दांतच सांगायची.

```
ORDER BY gun DESC NULLS LAST
```

याच प्रमाणात ओळींना क्रमांक देणारे `RANK` हे फलनही होते, आणि तेथे ही सोय विशेष उपयोगी पडते. `NULL` मोठा मानणाऱ्या प्रणालीत नुसते `DESC` लिहिले, तर दिनू आणि एकनाथ या दोघांनाही पहिला क्रमांक मिळतो आणि आशा तिसरी ठरते. `NULLS LAST` लिहिल्यावर आशा पहिली येते.

मात्र काहीच लिहिले नाही तर काय, हा प्रश्न प्रमाणाने पूर्वीसारखाच प्रणालीवर सोपवला. शिवाय ही सोय ऐच्छिक ठेवली. पोस्टग्रेसमध्ये ती 2008 साली 8.3 या आवृत्तीत आली, एसक्यूलाइटमध्ये 2019 साली 3.30 या आवृत्तीत. मायएसक्यूएलच्या 8.0 आवृत्तीतही हे शब्द नाहीत. तेथे 0 आणि 1 चीच युक्ती वापरावी लागते. म्हणून एखादा कार्यक्रम एका प्रणालीवरून दुसरीवर नेताना तीन ओळींचा तक्ता करून पाहावा: एक मोठे मूल्य, एक शून्य, एक `NULL`. चढता आणि उतरता असे दोन्ही क्रम लावले, की प्रणालीचा पक्ष लगेच कळतो.

एक गोष्ट या शब्दांनीही साधत नाही. दिनू आजारी होता आणि त्याची परीक्षा पुन्हा व्हायची आहे. एकनाथला गणित विषयच नाही, असे असेल तर? पहिल्याचे गुण आज ठाऊक नाहीत, दुसऱ्याचे कधीच असणार नाहीत. कॉड यांनी 1990 च्या आपल्या पुस्तकात अशा दोन प्रकारच्या अभावांसाठी दोन निरनिराळ्या खुणा सुचवल्या होत्या. एसक्यूएलने मात्र एकच ठेवली. दोघेही यादीच्या एकाच टोकाला शेजारी उभे राहतात, आणि कोण कशामुळे तेथे आहे हे यादी सांगू शकत नाही. ते हवे असेल, तर गैरहजेरीच्या कारणाचा वेगळा स्तंभ आपणच आखावा लागतो.